सीट नाही म्हणता? मग हिशोब द्या!

तिकीट कन्फर्म आहे, आपण वेळेत पोचलोय आणि काउंटरवरची मुलगी गोड हसून सांगते, ‘सॉरी, फ्लाइट फुल्ल आहे.’ काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, हे धरून एअरलाइन्स सीट्सपेक्षा जास्त तिकिटं विकतात. एखाद्या दिवशी सगळेच येतात. मग कुणीतरी लटकतंच!

परवा पुण्यात माझी एक मैत्रीण लटकली. संध्याकाळी सहाची दिल्ली फ्लाइट, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिथे इंटरव्ह्यू. एअरलाइनने दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या फ्लाइटमध्ये सीट देऊ केली. सोबत एक फॉर्म होता : ‘मी स्वेच्छेने सीट सोडत आहे.’ बदल्यात व्हाउचर. तिने सही केली नाही, हे बेस्ट झालं. कारण स्वेच्छेने सीट सोडणाऱ्याला एअरलाइन जे कबूल करेल तेवढंच मिळतं. मनाविरुद्ध उतरवलं, तरच डीजीसीएचा भरपाईचा नियम लागू होतो.

२०१६पासूनचा हा हिशोब सोपा आहे. मूळ वेळेनंतर तासाभराच्या आत सुटणारी दुसरी फ्लाइट दिली, तर भरपाई शून्य. चोवीस तासांच्या आतली दिली, तर बेसिक भाडं आणि फ्युएल चार्ज यांच्या बेरजेच्या दुप्पट, जास्तीत जास्त १० हजार. त्याहून उशिराची दिली, तर चौपट, जास्तीत जास्त २० हजार. आणि त्यांची फ्लाइट नकोच म्हटलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर तीच चौपट भरपाई.

तिचं तिकीट ५,२०० रुपयांचं, त्यात बेसिक आणि फ्युएल मिळून ४,०००. दुपारची फ्लाइट घेतली असती, तर ८,००० मिळाले असते आणि इंटरव्ह्यू गेला असता. तिने ती नाकारली आणि त्याच रात्री दुसऱ्या कंपनीचं ९,५०० रुपयांचं तिकीट काढलं. म्हणजे तिचं येणं : ५,२०० अधिक १६,०००, एकूण २१,२००.

एक मेख आहे. नवीन तिकिटाचा खर्च हा नियम वेगळा देत नाही. तो भरपाईतूनच भागवायचा. तिचा भागला. पण तेच तिकीट तीस हजारांचं असतं, तर वरच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे जावं लागलं असतं.

एअरलाइनचं पहिलं उत्तर काय असावं? ‘पॅसेंजर उशिरा आला.’ इथेच बहुतेकांचा क्लेम अडकतो, कारण वेळेत पोचल्याशिवाय भरपाई नाही. मॅडमनी मात्र काउंटरवर उभ्या असतानाच घड्याळासकट फोटो काढला होता आणि ‘ओव्हरबुकिंग’ हे कारण स्टाफकडून लिहून घेतलं होतं. तो कागद मेलला जोडल्यावर सूर बदलला, पण तरीही पैशांऐवजी व्हाउचरच! ते आपल्या लेखी संमतीशिवाय देता येत नाही. हे त्यांना कळवलं, ‘नाहीतर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकते’ असंही लिहिलं. पैसे बँकेत जमा झाले.

तेव्हा काउंटरवर आवाज चढवू नका, राव. पेन मागा. फक्त त्यांच्या फॉर्मवर सही करायला नाही, कारण लिहून घ्यायला.