‘पुरवठा खंडित करा’ म्हणजे नेमकं काय करा?

थंडी सुरू झाली की आमच्या बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाणी तापवायचे रॉड लटकायला लागतात. गिझर परवडत नाही, गॅस पुरवून वापरायचा असतो, म्हणून रॉड घेणारे बरेच. दुकानदाराने मला विनंती केली की रॉडसोबत येणाऱ्या माहितीपत्रकातल्या सुरक्षिततेच्या सूचना मराठीत करून द्या, मी छापून प्रत्येक गिऱ्हाइकाला देईन. पत्रक इंग्रजीत होतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात हिंदी. काम एका संध्याकाळचं वाटलं होतं, त्याला आठवडा लागला. त्या आठवड्यात माझं एक मत पक्कं झालं: सूचनेचं भाषांतर शब्दांचं नसतं, हाताच्या हालचालींचं असतं. वाचणाऱ्याचा हात कुठे जाईल हे ज्या वाक्यातून कळत नाही, ते वाक्य कितीही शुद्ध असलं तरी निरुपयोगी आहे.

उदाहरण सर्वांत महत्त्वाच्या सूचनेचंच घेऊ. तिचं सरळ भाषांतर असं होतं: ‘उपकरण मुख्य विद्युतपुरवठ्यापासून खंडित केल्याशिवाय पाण्यास स्पर्श करू नये.’ व्याकरणात चूक नाही. दुकानात आलेल्या एका मावशींना मी हे वाचायला दिलं आणि विचारलं, “मावशी, यात काय करायला सांगितलंय?” त्या म्हणाल्या, “बटण बंद करायचं.” दुकानातल्या आणखी दोघांनीही तेच सांगितलं.

उत्तर चुकीचं होतं, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. भिंतीवरचं साधं बटण दोन तारांपैकी एकच तार तोडतं. वायरिंग नीट असेल तर ती फेजची, म्हणजे करंट असलेली तार असते. पण जुन्या घरात, भाड्याच्या खोलीत किंवा घरीच जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात तारा उलट जोडलेल्या असू शकतात. मग बटण न्यूट्रल तोडतं. रॉड तापायचा थांबतो, दिवा विझतो, सगळं बंद झाल्यासारखं दिसतं, पण फेज रॉडपर्यंत पोचलेलीच असते. रॉडच्या नळीला बारीकशी चीर असेल किंवा आत ओल गेली असेल, तर तीच फेज पाण्यात उतरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाने त्या पाण्यात बोट घातलं की पुढचं सांगायला नको. म्हणून बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन बोर्डातून बाहेर काढावी लागते. पिन हातात आली की तारा कशाही जोडलेल्या असोत, रॉडचा विजेशी संबंध उरत नाही.

म्हणजे ‘खंडित करा’ या एका शब्दात दोन कृती दडल्या होत्या, आणि वाचणारा त्यातली सोपी तेवढी उचलत होता. शिवाय ‘केल्याशिवाय नये’ अशा उलट्या रचनेत आधी काय आणि नंतर काय, हे डोक्यात फिरवून काढावं लागतं. रॉड लागतो पहाटे. आमच्या घरांत फजरच्या वजूसाठी, शेजारच्या घरांत दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी. अर्धवट झोपेत कोणी वाक्य फिरवून पाहत नाही, पाणी तापलं का म्हणून सरळ बोट बुडवतो. म्हणून मी वाक्य मोडलं आणि कृती घडते त्याच क्रमाने लिहिली: आधी बटण बंद करा. मग पिन बोर्डातून काढा. मगच पाण्यात बोट घाला.

दुसरी अडचण ‘किमान व कमाल पातळी’ची. रॉडवर दोन खुणा असतात. पाणी खालच्या खुणेच्या खाली गेलं तर तापणारा भाग उघडा पडतो आणि जळतो. वरच्या खुणेच्या वर गेलं तर जिथे वायर रॉडला जोडली आहे तिथपर्यंत पाणी पोचतं. ‘किमान’ आणि ‘कमाल’ मध्ये शिकलेलीही माणसं गोंधळतात. मी लिहिलं: पाणी खालच्या रेघेच्या वर आणि वरच्या रेघेच्या खाली हवं. यात पाठ करण्यासारखं काही नाही, रॉड हातात धरला की वाक्य समोर दिसतं.

तिसरी सूचना होती, ‘उपकरण दुर्लक्षित ठेवू नये.’ किती वेळ, याचा पत्ता नाही. मी हिशेब करून पाहिला. १५०० वॉटच्या रॉडने १५ लिटरची थंड बादली अंघोळीपुरती गरम व्हायला साधारण १५ ते १८ मिनिटं लागतात. तासाभरात तेच पाणी उकळायला लागतं. नंतर वाफ होऊन पातळी उतरते, रॉड उघडा पडतो, प्लास्टिकची बादली वितळू शकते. म्हणून कार्डावर आलं: १५ मिनिटांनी बघा, रॉड लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. रिकाम्या बादलीत रॉड लावून पाहू नका, हेही त्यासोबत.

बादली प्लास्टिकची, पण रॉड तिच्या अंगाला टेकलेला नको. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको, कारण पाण्यात करंट उतरला तर अख्खी बादली शॉक देते. पिन साध्या छोट्या सॉकेटमध्ये नको. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो आणि छोटं सॉकेट सहाचं असतं. १६ अँपिअरचं जाड तीन पिनांचं सॉकेट हवं.

शब्दांवरून दुकानदाराशी माझा एक वाद झाला. ‘विद्युत धक्का’ ऐवजी मी ‘शॉक लागून जीव जाऊ शकतो’ लिहिलं. तो म्हणाला, “सर, हे वाचून गिऱ्हाईक माल घेईल का?” मी म्हटलं, रॉड वाईट आहे असं आपण लिहीत नाही, पिन का काढायची ते लिहितोय. कारण कळलं नाही तर घाईत माणूस पायरी गाळतो. अखेर त्याला पटलं. काही मित्रांना बटण, पिन, शॉक, अर्थिंग या शब्दांवर आक्षेप होता, मराठी शब्द वापरा म्हणाले. माझ्या मते जे शब्द वायरमन, दुकानदार, दखनी बोलणारी खाला आणि मराठी बोलणारी मावशी सगळेच वापरतात, तेच इथे मराठी शब्द आहेत. हिंदी मजकूर आहेच की, असंही कोणी म्हणालं. पण शाळेत मराठी वाचायला शिकलेल्या बाईला ‘विद्युत आपूर्ति विच्छेदित करें’ हे ‘खंडित करा’ इतकंच परकं आहे.

भाषांतराची हद्दही सांगायला हवी. ‘अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा’ हे वाक्य मी सोपं करू शकतो, पण घरात अर्थिंग आहे का, हे कार्ड सांगू शकत नाही. वरचं मोठं भोक असलं म्हणजे त्यामागे तार आहेच असं नाही. टेस्टर पेटला म्हणजे करंट आहे एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही. म्हणून त्या ओळीपुढे आम्ही जोडलं: वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आणि पाण्याला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर मेन स्विच बंद करा आणि तो रॉड पुन्हा लावू नका.

कार्ड सात ओळींचं झालं. ते खोक्यात ठेवू नका असा मी आग्रह धरला, कारण खोकं त्याच दिवशी कचऱ्यात जातं. आता ते प्लास्टिकमध्ये बंद करून पिनेजवळ वायरला बांधलेलं असतं. रॉड बनवणाऱ्यांनी हेच करायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात माल विकायचा, तर एवढ्या सात ओळी मराठीत त्यांनीच द्यायला हव्यात. आणि छापण्याआधी त्या दुकानात उभ्या असलेल्या एखाद्या मावशींना वाचायला देऊन एकच विचारावं: आता तुम्ही काय कराल? “पिन काढीन” असं उत्तर आलं, तरच छापावं.