‘करुण संगीत’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, आज जरा तक्रारीच्या सुरात लिहितोय. हौशी नाटकांच्या संहितेत कंसात लिहिलेले दोन शब्द मला अलीकडे फार खुपायला लागलेत. ते शब्द म्हणजे ‘करुण संगीत’. त्यांची भावंडंही आहेत: ‘भीषण संगीत’, ‘आनंदी संगीत’, ‘सूचक संगीत’. माझं मत असं, की हे शब्द संहितेतून काढून टाकावेत. पार्श्वसंगीत वाजवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आणि कळत नाही म्हणून जे चुकतं, त्याचं खापर मात्र त्याच्याच डोक्यावर फुटतं.

उदाहरण देतो. मागे आमच्या गडहिंग्लज भागातल्या एका गावात एकांकिका पाहिली. गावाचं आणि मंडळाचं नाव सांगत नाही, कारण मंडळी मनापासून करणारी होती. गोष्ट साधी. वडील वारलेत, मुलगा मुंबईहून आलाय, त्याला नदीकाठची जमीन विकायचीय आणि कागदावर आईची सही हवीय. बाहेर पाऊस. आई कागद घेऊन आत जाते, बाहेर येते, घडी घातलेला कागद त्याच्या हातात देते. तो न उघडताच खिशात घालतो, वडिलांची छत्री घेतो आणि शेवटची एस.टी. गाठायला निघतो. आई उंबऱ्यापर्यंत जाते, परत येते, पाटावर बसते आणि एकच वाक्य बोलते, “सही केलीच नाही मी.” पडदा.

सगळं नाटक त्या चार शब्दांवर उभं आहे. आणि त्या रात्री नेमके तेच चार शब्द कोणाला ऐकू आले नाहीत! संगीताचा तुकडा होता साधारण चाळीस सेकंदांचा. तालमीत आई तेवढ्या वेळात बसायची. प्रयोगाच्या रात्री बाई भूमिकेत रमल्या, उंबऱ्याशी जास्त थांबल्या. तुकडा संपला, रंगमंच गप्प झाला. लॅपटॉपवर बसलेला मुलगा घाबरला आणि त्यानं तोच तुकडा पुन्हा लावला. तो पहिल्याच सुराला मोठ्यानं सुरू झाला आणि बाईंचं वाक्य त्याखाली गेलं. माझ्या शेजारचे गृहस्थ घरी जाताना म्हणाले, “शेवटी बिचारीनं सही केली म्हणायची.” म्हणजे नाटक उलटंच पोचलं.

आत सगळे त्या पोरावर तुटून पडले होते. मी त्याच्याकडची प्रत बघायला मागितली. त्या पानावर लिहिलं होतं, ‘आई परत येते. (करुण संगीत)’. बस्स. कधी सुरू करायचं, किती मोठं, कधी थांबवायचं, बाई थांबल्या तर काय करायचं, यातलं एक अक्षर नाही. पोराचं काय चुकलं मग? चूक कागदाची होती.

आपल्याकडे हे पूर्वी असं नव्हतं. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’सारख्या (१८८२) संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल छापलेली असते. ‘इथे शृंगारिक गाणे’ असं लिहून नाटककार मोकळा होत नाही. साथीदारांना सूर कुठला, लय कुठली हे कळतं आणि पदाआधीच्या गद्य वाक्याचा शेवटचा शब्द हा त्यांचा इशारा असतो.

आणखी मागे गेलं तर नाट्यशास्त्रात भरतानं ध्रुवागीतांचे पाच प्रकार सांगितलेत. पात्र येताना प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी, चालू रस एकदम मोडायचा असेल तर आक्षेपिकी, बिघडलेला रंग पुन्हा प्रसन्न करायला प्रासादिकी आणि रंगमंचावर काही खंड पडला तर तो झाकायला आंतरा. गंमत बघा, ही नावं भावनेवरून दिलेली नाहीत, कामावरून दिलेली आहेत. संगीत कसं वाटावं यापेक्षा ते तिथे कशासाठी आहे, हे आधी ठरवलंय. माझ्या मते संगीताच्या तक्त्याचा सगळा धडा यात आला.

आता तेच शेवटचं पान घेऊन मी तक्ता कसा लिहीन ते सांगतो. तीन नोंदी पुरतात.

पहिली नोंद पावसाची. प्रवेशाच्या सुरुवातीपासून पाऊस चालू आहे. त्याचं काम, मायलेकांना आवाज थोडा चढवून बोलायला लावणं. मुलगा खिशात कागद घालतो, त्या कृतीपासून पाऊस दहा सेकंदांत हळूहळू उतरवत अगदी बारीक करायचा. प्रेक्षकाला तो कमी झालेला कळताही कामा नये. पण त्यामुळे आईच्या हलक्या आवाजाला जागा होते.

दुसरी नोंद एस.टी.च्या हॉर्नची. दूरवरून, एकदाच. इशारा शब्दाचा नाही, कृतीचा: मुलगा छत्रीला हात लावतो तेव्हा. कारण पुढचं त्याचं वाक्य ‘गाडी आली’ असं आहे. हॉर्न उशिरा आला तर लोक हसतात. इथे एक बारकावा आहे. पुष्कळ फायलींच्या सुरुवातीला अर्धा-एक सेकंद काहीच नसतं, त्यात हाताला लागणारा वेळ वेगळा. म्हणून ते कोरं टोक आधीच कापून ठेवावं, आणि संहितेत साधारण अर्धं पान आधी समासात ‘तयार’ असं लिहावं, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

तिसरी नोंद संगीताची, आणि तीच खरी. भाव लिहायचाच तर ‘करुण’ नको. ‘घर रिकामं झालं, पण आई हरलेली नाही’ असं एक वाक्य लिहा. संगीत देणारा त्यावरून सूर शोधेल. वाद्य एकच, बासरी. लय? ‘संथ’ म्हटलं तर एकाचं संथ मिनिटाला ५० मात्रांचं असतं, दुसऱ्याचं ८०चं. ठेका असेल तर पंधरा सेकंदांत मात्रा मोजाव्यात, चारनं गुणावं आणि तो आकडा लिहावा. पण इथे मी ठेका घेणारच नाही, नुसती आलापी घेईन. ठेका असला की बाईंची पावलं नकळत त्यावर पडायला लागतात आणि चालणं नाचासारखं दिसतं. शिवाय तालातलं संगीत आवर्तनाच्या मध्येच तोडलं तर कानाला ठेच लागते, ते समेवर आणून सोडावं लागतं. बाई किती वेळ थांबणार हेच नक्की नसताना सम कुठून साधणार?

सुरुवात मुलाचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की, शांततेतून वर यायला पाच सेकंद. शेवट आई पाटावर टेकली की, पाच सेकंदांत पूर्ण शून्य. आणि त्याखाली ठळक ओळ: ‘संगीत पूर्ण थांबल्याशिवाय आई बोलणार नाही.’ हीच ओळ बाईंच्या प्रतीतही हवी. तुकडा मात्र चाळीस सेकंदांचा नको, दोन मिनिटांचा घ्यावा. उरलेला वाया गेला तरी चालेल, कमी पडता कामा नये. आणि शेवटची सूचना: ‘तुकडा संपलाच तर पुन्हा लावू नये. शांतता चालेल.’ ही एवढी ओळ त्या पोराच्या कागदावर असती तर!

आवाज किती, हेही ‘हलके’ असं लिहून भागत नाही. शेवटच्या रांगेत एकानं बसावं आणि तिथे वाक्य स्पष्ट ऐकू येईल अशी पातळी ठरवून त्या बटणाचा आकडा लिहावा. जागा बदलली की आकडा बदलतो. रिकाम्या सभागृहात ठरवलेला आवाज माणसं बसल्यावर दबतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. म्हणून आकड्यापुढे थोडी वरची जागा मोकळी ठेवावी.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक मास्तरकीची गोष्ट. इंग्रजी संहितेत अशा सूचना मोठ्या लिपीत लिहितात, त्या नजरेत भरतात. आपल्या देवनागरीला मोठी लिपी नाही. कंसातली सूचना संवादात मिसळून जाते. तेव्हा सूचना समासात, अधोरेखित आणि क्रमांक देऊन लिहावी. तालमीत मध्येच नवी सूचना आली तर तिला ‘११ अ’ म्हणावं, पुढचे सगळे क्रमांक बदलू नयेत. नाहीतर दिग्दर्शक जुना बारा म्हणतो आणि पोरगा नवा बारा वाजवतो. शेवटच्या रंगीत तालमीपर्यंत सगळं पेन्सिलनं लिहावं, म्हणजे खोडता येतं.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे. एवढं सगळं कागदावर बांधून टाकलं तर संगीत देणाऱ्याच्या कल्पकतेला वाव काय राहिला? मला वाटतं, भरपूर राहिला. बासरीवर कुठला राग वाजवायचा, कुठल्या सुरावर थांबायचं, हे मी त्याला सांगितलेलंच नाही. मी फक्त दार कुठलं आणि ते कधी लावायचं एवढं लिहिलं. ‘करुण संगीत’ लिहिणारा त्याला मोकळीक देत नाही, स्वतःचं अर्धं काम त्याच्या गळ्यात घालतो.

आणि खरं सांगू? त्या एकांकिकेच्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाची जागा रिकामी आहे. आई बसल्यापासून बोलेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद, जिथे काहीच वाजत नाही. त्या जागेलाही मी क्रमांक देईन, बारा. पुढे लिहीन, ‘शांतता’. म्हणजे घाबरलेल्या पोराला कळेल की हीसुद्धा ठरवलेलीच आहे, आणि तो हात बटणावरून काढून मांडीवर ठेवेल.