हाव नव्हती हो, गुडघे दुखत होते!

केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटात आपल्या तालुक्यातलं एक निवृत्त शिक्षक दांपत्य फसलं. बातमी छापून आली आणि खाली लगेच शेरे सुरू. म्हणे, स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर हाव सुटली, भोगा आता.

मंडळी, आधी प्रकरण समजून घ्या. त्यांना स्वस्तात काहीच मिळत नव्हतं, उलट सरकारी दरापेक्षा जास्तच मागत होते. काकूंचे गुडघे गेलेत, गौरीकुंडपासूनची चढाई जमणार नाही. अधिकृत साइटवर तिकिटं सुटली की बघता बघता संपतात. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा हात हलवत बसले. तिसऱ्या दिवशी फेसबुकवर जाहिरात दिसली, वर 'प्रायोजित' लिहिलेलं. म्हणजे भामट्याने फेसबुकला पैसे मोजून ती दाखवली. मग दोष एकट्या काकांचा कसा?

पुढे काय झालं ते बघा. सहा जागा 'ब्लॉक' करायला पाच हजार. मग निम्मी रक्कम. मग तिकिटाची पीडीएफ आली, त्यावर सहाही नावं, फाटा हेलिपॅड, वेळ, क्यूआर कोड, सगळं झकास. मग विम्याचे पैसे, 'परत मिळतील' म्हणून. एकूण अठ्ठेचाळीस हजार गेले आणि फोन बंद.

यात चोर उघडा पडण्याच्या दोन जागा होत्या.

पहिली जागा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं heliyatra.irctc.co.in इथे काढायची असतात आणि त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक नसेल तर बुकिंग पुढे सरकतच नाही. या भामट्याने तो मागितलाच नाही. नोंदणी क्रमांक न विचारता जो 'सीट पक्की' म्हणतो, त्याच्याकडे सीट नाही. पत्ता वाचताना शेवटाकडून वाचा. शेवट .irctc.co.in असाच हवा, irctc आधीच्या टिंबासकट. नावात 'हेली' आणि 'यात्रा' कोणीही घालू शकतो. सोमनाथला ट्रस्टच्या अतिथीगृहाचीही अशीच नकली बुकिंग चालतात. तिथे खरी साइट somnath.org.

दुसरी जागा म्हणजे पैसे कुणाच्या नावावर गेले. यूपीआयवर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. काकांना कंपनीचं नव्हे, कुणा एका माणसाचं नाव दिसलं. त्यांनी विचारलंही. उत्तर आलं, 'आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.' तिथेच थांबायला हवं होतं.

बसच्या, विमानाच्या, कुठल्याही पॅकेजला हीच कसोटी लावा. ऑपरेटरकडून जीएसटी क्रमांक मागा आणि services.gst.gov.in वर टाका. मालकाचं कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, पत्ता, नोंदणी कधीची आणि चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. पण तेवढ्यावर भुलू नका, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून छापणारेही आहेत. म्हणून तिथलं नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव जुळतं का ते बघा. जुळलं नाही तर अॅडव्हान्स द्यायचा नाही. छोट्या ऑपरेटरकडे जीएसटी नसेलही. मग त्याच्या ऑफिसात जा, आणि त्याने सांगितलेल्या हॉटेलचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा की आमच्या नावाने खोल्या धरल्यात का. त्याने दिलेल्या नंबरावर नाही, तिकडेही त्याचाच माणूस बसलेला असतो.

आता पोलिसांकडे वळतो. काका चौकीत गेले तर 'जिल्ह्याला सायबरला जा' म्हणाले. त्यात दोन दिवस गेले. अहो, 1930 ला फोन लागला की तक्रार बँकेपर्यंत जाते आणि खात्यात उरलेले पैसे अडवता येतात. पण चोर ते तासा-दोन तासांत पुढे पाठवतो. दोन दिवसांनी काय अडवणार, रिकामं खातं? चौकीत आलेल्या माणसाला बसवून, त्याच्याच मोबाइलवरून 1930 लावून द्यायला कुठला जीआर लागतो?

तुम्ही मात्र चौकीची वाट बघू नका. आधी 1930 लावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी जवळ ठेवा. चॅट डिलीट करू नका. आणि 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवा. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही.

शेवटचं, आपल्या गावच्या ग्रुपवाल्यांसाठी. काकांना ती जाहिरात 'खात्रीशीर आहे' म्हणून फॉरवर्ड केलेली एका ओळखीच्या माणसानेही दिली होती. खात्री कशाची केली होती, ते त्याला आजही सांगता येत नाही. हसायचंच असेल तर त्याला हसा.