निरोपाचें भाषण आणि एक जूनचा वाढदिवस

महाराष्ट्रांत शाळामास्तरांची एक पिढी अशी आहे, कीं तिच्यांतील पुष्कळांचा वाढदिवस एकाच दिवशीं, म्हणजे १ जूनला येतो. ह्यांत ग्रहांचा कांहीं हात नाहीं. घरीं जन्मतिथीची नोंद नसे, मुलाला शाळेंत घालावयाचें तर वय भरलेलें दिसावयास हवें, आणि शाळा उघडावयाची जूनमध्यें. तेव्हां गुरुजींनीं मुलाकडे एकदां पाहावें, मनाशीं वर्षें मोजावीं आणि रजिस्टरांत १ जून लिहून मोकळें व्हावें. पुढें तोच मुलगा शिक्षक झाला, म्हणजे ती तारीख त्याची पाठ सोडीत नाहीं. शिक्षकाच्या निवृत्तीचें वय ५८. ज्या महिन्यांत तें भरतें त्याच्या अखेरच्या दिवशीं सेवा संपते. पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणून १ जूनचे हे सारे गुरुजी ३१ मे रोजीं निवृत्त होतात. त्या दिवशीं शाळेला सुट्टी असते. घंटा नाहीं, मुलें नाहींत. निरोपसमारंभ एक तर एप्रिलमध्यें आटोपावा लागतो, नाहीं तर जूनपर्यंत थांबावें लागतें.

वाघोलीच्या एका शिक्षिकाबाईंपुढें हाच प्रसंग आला आहे. शाळेंतील ज्येष्ठ गुरुजी निवृत्त होत आहेत आणि निरोपाचें भाषण बाईंवर सोंपविलेलें आहे. त्या लिहितात, "मामंजी म्हणतात, भाषण गंभीर असावें, भावजी म्हणतात, लोकांना हसवा, सासूबाई म्हणतात, लहान असलें म्हणजे झालें." पत्रासोबत त्यांनीं आपला मसुदाही पाठविला आहे. त्यांत गुरुजी ज्ञानाचे सागर आहेत, दीपस्तंभ आहेत, स्वतः जळून इतरांस प्रकाश देणारी मेणबत्तीही आहेत. सागर, दीपस्तंभ आणि मेणबत्ती हीं तीन एका माणसांत मावणें कठीण. शिवाय हींच तीन शेजारच्या शाळेंतील निवृत्त गुरुजींनाही तशींच्या तशीं लागू पडतील. निरोपाच्या भाषणाची ही पहिली परीक्षा आहे. नांव बदलून दुसऱ्याला देतां आलें, तर तें भाषण ह्या माणसाचें नव्हे.

परंतु पत्राच्या अगदीं शेवटीं, जागा उरली म्हणून लिहावें तशा, बाईंनीं चार ओळी लिहिल्या आहेत. वाघोली हें नगर रस्त्यावरचें वाघेश्वराचें गांव. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत आलें. पण भोंवतालच्या दगडखाणींवर दूरदूरचीं कुटुंबें त्याच्या कितीतरी आधींपासून पोटासाठीं येत आलीं आहेत. त्यांचीं मुलें वर्षाच्या मध्येंच शाळेंत येतात आणि मध्येंच निघून जातात. पुष्कळांपाशीं जन्माचा दाखला नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें दाखल्याच्या अभावीं प्रवेश नाकारतां येत नाहीं; तेव्हां आईबापांना विचारूनच तारीख लिहावयाची. येथें १ जून लिहिणें सर्वांत सोपें. पण हे गुरुजी तसें करीत नसत. ते आईला बसावयास सांगत आणि विचारीत : पोळ्याच्या आधीं कीं नंतर? बाजरी उभी होती कीं काढून झाली होती? पावसानें खाण बंद होती का? थोरला तेव्हां चालत होता का? मग जुनें पंचांग काढून तारखेच्या जवळ पोहोंचत. आणि गुरुजींचा स्वतःचा वाढदिवस? अर्थात् १ जून!

बाई, आपलें भाषण ह्या चार ओळींतच आहे. हसूंही त्यांत आहे आणि आंसूंही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

हसूं आधीं घ्यावें. आरंभ असा करतां येईल : "गुरुजी आज निवृत्त होत आहेत, कारण त्यांना ५८ वर्षें पूर्ण होत असल्याचें रजिस्टर सांगतें. खरोखर तीं झालीं कीं नाहीं, हें कोणालाच ठाऊक नाहीं. कदाचित् शाळेचे त्यांच्याकडे कांहीं महिने येणें असतील." ह्या थट्टेचा रोख रजिस्टरावर आहे, माणसावर नाहीं; म्हणून गुरुजींच्या घरचीं माणसेंही मोकळेपणानें हसतील. पगार, प्रकृति, विसराळूपणा, मुलांनीं ठेवलेलें टोपणनांव, ह्यांवर विनोद करूं नये. त्या दिवशीं गुरुजींना उलट उत्तर देण्याची सोय नसते, आणि समोर त्यांच्या सूनबाई बसलेल्या असतात.

हसूं ओसरलें कीं लगेच खाणीवरच्या आईची हकीकत सांगावी. एकाच आईची, आणि गुरुजींचे प्रश्न जसेच्या तसे ठेवून. "किती ही तळमळ!" असें स्वतः म्हणूं नये. तें श्रोत्यांनीं मनांत म्हणावयाचें असतें. आपण म्हटलें कीं त्यांचें म्हणावयाचें राहून जातें. हा क्रम उलटा मात्र करूं नये. डोळे पाणावल्यावर आलेला विनोद त्या आईचीच थट्टा केल्यासारखा वाटतो.

वक्त्याचा गळा दाटून येतो, तो बहुधा शेवटच्या वाक्यांत. म्हणून तें वाक्य पाठ असावें, आंखूड असावें आणि त्यांत विशेषण नसावें. आमच्या मतें तें असें असावें : "गुरुजी, आपली खरी तारीख कोणी शोधली नाहीं, आपण आमच्या मुलांच्या शोधल्यात." एवढें बोलून खालीं बसावें. सारें मिळून पांच मिनिटें पुरेत. कागदावर तीं सुमारें पांचशें शब्दांचीं होतात. सासूबाईंचें म्हणणें खरें ठरलें, असें त्यांना अवश्य कळवावें.

एका चित्रावर निरोपाचें भाषण उभें राहील का, अशी शंका वाटेल. १९०२ सालच्या सप्टेंबरांत फर्ग्युसन कॉलेजांतून गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं निरोप घेतला, तेव्हां विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं स्वतः केलेलें भाषण पाहावें. वय अवघें ३६. जवळजवळ अठरा वर्षें त्यांनीं संस्थेला दिलेलीं होतीं. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जें वाट्यास येईल तें शिकविलें होतें. सांगावयाचें ठरविलें असतें तर यादी मोठी झाली असती. पण त्या भाषणांतील लक्षांत राहिलेला भाग म्हणजे एक गोष्ट आहे. समुद्रकांठीं सुखानें राहणाऱ्या एका माणसाला समुद्राची ओढ लागते. तो नाव लोटतो, दोन वेळां लाटा त्याला परत फेंकतात, तिसऱ्या वेळीं समुद्र त्याला गिळतो. आपली स्थिति कांहींशी तशीच आहे, असें ते म्हणाले. शाळेचा शांत किनारा सोडून सार्वजनिक जीवनांत उतरणाऱ्या शिक्षकाचें भय आणि ओढ, दोन्हीं त्या एका नावेंत आलीं.

बाईंच्या गुरुजींना समुद्र ओलांडावयाचा नाहीं. पण समारंभ एप्रिलमध्यें ठेवावा, अशी आमची सूचना आहे. तेव्हां मुलें शाळेंत असतात, आणि ज्या एका मुलाची तारीख गुरुजींनीं पंचांगांतून शोधली, तें पहिल्या रांगेंत बसलेलें असूं शकतें. जूनपर्यंत थांबल्यास त्याचें कुटुंब कदाचित् दुसऱ्या खाणीवर गेलेलें असेल.