वॉचडॉग लावला, पण त्याला फसवले तर?

शेतातल्या पंपाचा कंट्रोलर मध्यरात्री हँग झाला, तर रीसेटचे बटण कोण दाबणार? यासाठी चिपमध्ये वॉचडॉग टायमर असतो. अर्डुइनो उनोच्या चिपमध्ये तो मुख्य क्लॉकवर नव्हे, तर स्वतःच्या १२८ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर चालतो.

समजा, त्याची मुदत २ सेकंद ठेवली. प्रोग्रामने तेवढ्या वेळात `wdt_reset()` चालवून टायमर पुन्हा शून्यावर आणायचा. ते झाले नाही, तर चिप आपोआप रीसेट होते. म्हणजे ही आज्ञा प्रोग्रामची ‘हजेरी’ आहे. सेन्सरच्या उत्तराची वाट पाहत तो लूपमध्ये अडकला, की हजेरी चुकते आणि चूक पकडली जाते.

अनेक जण मात्र ही आज्ञा टायमर इंटरप्टमध्ये टाकतात. ही पळवाट बंद व्हायला हवी. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. मग पंप चालू, विहीर कोरडी आणि वॉचडॉग खूश! सेन्सर वाचणे, निर्णय घेणे आणि पंपाला आदेश देणे ही तिन्ही कामे पूर्ण झाल्यावरच, लूपमध्ये एकाच ठिकाणी हजेरी लागावी.

तरीही सेन्सरने चुकीचा आकडा दिला आणि लूप सुरळीत फिरत राहिला, तर वॉचडॉगला काहीच कळत नाही. वायर तुटली असेल, तर रीसेटनंतर प्रोग्राम पुन्हा तिथेच अडकेल. म्हणून सुरुवातीलाच पंप बंद करावा आणि `MCUSR` मधला `WDRF` बिट तपासावा. तो १ असेल, तर रीसेट वॉचडॉगने केला आहे. अशा रीसेटची नोंद ठेवलीच पाहिजे. नाहीतर मूळ बिघाड झाकलेलाच राहतो.