ऐंशीनंतरचा उतार कोणाच्या हुकमाने?

चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते. गाडी लावली तेव्हा पडद्यावर पंचेचाळीस किलोवॅटच्या वर आकडा होता, चहा पिऊन परत येईपर्यंत तो पंधरावर उतरला, म्हणजे मशीन बिघडली. स्टेशनवरचा मुलगा गन काढून पुन्हा लावतो, आकडा तेवढाच राहतो, आणि ग्राहक वाईट शेरा देऊन निघून जातो. पुढे तीच गाडी सर्व्हिस सेंटरला जाते आणि तिथे बॅटरीवर संशय घेतला जातो. बहुतेक वेळा दोन्ही ठिकाणी बिघाड कुठेच नसतो. पण कधीकधी तो खरोखरच असतो, आणि नेमका त्याच वेळी 'ऐंशीनंतर असंच होतं' असं सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते. आपल्या व्यवसायातल्या माणसाला या दोन्हींतला फरक लॉग पाहून सांगता आला पाहिजे.

सुरुवात चार्जिंगच्या आलेखापासून करू. आडव्या अक्षावर बॅटरीतला भार टक्क्यांत आणि उभ्या अक्षावर गाडीत जाणारे किलोवॅट. हिशेबासाठी एक पॅक धरू: निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचे ९६ सेल-गट ओळीत, क्षमता १२० अँपिअर-तास, म्हणजे साधारण ४२ किलोवॅट-तास. चार्जर ५० किलोवॅटचा आणि गाडीची मागणी १२० अँपिअरची. एका गटाचा एकूण अंतर्गत रोध दीड मिलिओम मानू. हे आकडे कोणत्याही एका मॉडेलचे नाहीत, पण या आकाराच्या गाडीला शोभण्यासारखे आहेत.

१२० अँपिअर वाहत असताना या रोधापोटी प्रत्येक गटावर ०.१८ व्होल्ट जास्तीचे दिसतात. १० टक्क्यांवर सेलचे विश्रांतीतले व्होल्टेज ३.४५ च्या आसपास असते, म्हणजे चार्जिंग चालू असताना ३.६३. पूर्ण पॅकवर ते ३४८ व्होल्ट होतात आणि पडद्यावर ४२ किलोवॅट दिसतात. ५० टक्क्यांवर विश्रांतीतले व्होल्टेज ३.६७ होते आणि आकडा ४४ वर जातो. करंट तोच राहतो, व्होल्टेज चढते, त्यामुळे आलेख हळूहळू वर सरकतो. ८० टक्क्यांवर विश्रांतीतले व्होल्टेज सुमारे ४.०२ असते. त्यात ०.१८ मिळवले की बरोबर ४.२० व्होल्ट होतात. ही या रसायनाच्या सेलची वरची मर्यादा. पडद्यावर या क्षणी ४८ किलोवॅट असतात आणि इथून पुढे वाट उताराची.

आता व्होल्टेज वाढवता येत नाही, तेव्हा करंटच कमी करावा लागतो. ९० टक्क्यांवर सेल स्वतः ४.१० वर असतो. मर्यादेपर्यंत ०.१० व्होल्ट उरतात, ते दीड मिलिओमने भागले की ६७ अँपिअर, म्हणजे २७ किलोवॅट. ९५ टक्क्यांवर उरतात ०.०५ व्होल्ट, करंट ३३ अँपिअर आणि पडद्यावर १३ किलोवॅट. ९८ ला जेमतेम पाच किलोवॅट. वेळेचा हिशेब केला तर १० ते ८० टक्क्यांना ४२ मिनिटे लागतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांना जवळपास ३५. त्या ३५ मिनिटांत गाडीत नऊ-साडेनऊ युनिट जातात. तेवढ्याच वेळात तळापासून सुरू केलेल्या दुसऱ्या गाडीत पंचवीस गेली असती. कंपन्या १० ते ८० टक्क्यांचीच वेळ जाहीर करतात, त्याचे कारण हेच. ह्युंदाईची आयोनिक ५ ही ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत होते. पुढच्या वीस टक्क्यांना किती मिनिटे लागतात ते या आकड्यात येत नाही.

इथपर्यंतचे स्पष्टीकरण बहुतेक प्रशिक्षण वर्गांत दिले जाते आणि तिथेच ते थांबते. त्यामुळे 'मग ४.२ ची मर्यादा थोडी वर नेली तर?' किंवा 'चार्जर मोठा बसवला तर?' असे प्रश्न अनुत्तरित राहतात. खरी अडचण सेलच्या दुसऱ्या टोकाला, ग्रॅफाइटच्या ॲनोडमध्ये आहे.

चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरणे. ग्रॅफाइटचे व्होल्टेज लिथियम धातूच्या तुलनेत मोजले तर ॲनोड अर्धा भरलेला असताना ते सुमारे ०.१२ व्होल्ट असते आणि भरत आला की ०.०८५ च्या जवळ येते. शून्य ही लक्ष्मणरेषा. तिच्या खाली गेल्यावर आयनांना थरांत शिरण्यापेक्षा पृष्ठभागावरच धातू होऊन बसणे सोपे जाते. म्हणजे संपूर्ण जलद चार्जिंग ८५ मिलिव्होल्टच्या आसपासच्या फटीत चालते. करंट जितका मोठा, तितका ॲनोडचा पृष्ठभाग या फटीतून खाली ढकलला जातो.

ही फट शेवटच्या टप्प्यात जास्त धोक्याची होते ती एका साध्या कारणाने. आयन ग्रॅफाइटच्या कणाच्या बाहेरून येतात आणि आत झिरपायला त्यांना वेळ लागतो. कण सरासरी ८५ टक्के भरलेला असला, तरी मोठा करंट चालू असताना त्याचा बाहेरचा भाग जवळजवळ पूर्ण भरलेला असू शकतो. पूर्ण भरलेल्या पृष्ठभागाचे व्होल्टेज झपाट्याने शून्याकडे घसरते. त्या क्षणी करंट कमी केला तर बाहेरचे लिथियम आत जाऊन जागा मोकळी होते. केला नाही तर धातूचा थर बसू लागतो. त्यातला काही भाग पुन्हा विरघळतो. उरलेला निर्जीव होऊन कायमचा वाया जातो आणि क्षमता तेवढी घटते, किंवा सुईसारखा वाढत विभाजकाकडे सरकतो. थंडीत आयन आणखी सावकाश सरकतात, म्हणून गार पडलेली बॅटरी चाळीस टक्क्यांवरही करंट नाकारते.

गाडीत ॲनोडचे व्होल्टेज वेगळे मोजण्याची सोय नसते. त्यासाठी तिसरा, संदर्भासाठीचा इलेक्ट्रोड लागतो आणि तो प्रयोगशाळेतल्या सेलमध्येच बसवतात. म्हणून सेल बनवणारे तिथे चाचण्या करून एक तक्ता तयार करतात: अमुक तापमान, अमुक टक्के भार, तर जास्तीत जास्त इतके अँपिअर. बॅटरीची नियंत्रण प्रणाली तो तक्ता वाचते आणि करंट मागते. अनेक गाड्यांचा आलेख गोलाईने न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसतो तो यामुळे. आणि ऐंशी हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, हेही यावरून कळावे. कुणाचा उतार साठला सुरू होतो, कुणाचा पंच्याऐंशीला. आपल्या हिशेबात ऐंशी आले, कारण आपण १२० अँपिअर धरले आणि फक्त व्होल्टेजची मर्यादा पाहिली.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्याबद्दल एवढेच सांगतो. त्या सेलचे विश्रांतीतले व्होल्टेज ३.३ च्या आसपास लांबपर्यंत सपाट राहते आणि चार्जिंगच्या अगदी शेवटी सेलचे व्होल्टेज ३.६५ कडे उसळते. त्यामुळे व्होल्टेजची भिंत उशिरा येते, पण ॲनोड तिथेही ग्रॅफाइटचाच असतो, म्हणून तक्त्यातल्या पायऱ्या तिथेही असतात. शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत एखादा सेल बाकीच्यांआधी वर पोहोचला की पूर्ण पॅकला त्याच्यासाठी थांबावे लागते. तो समतोल साधणारा करंट फार लहान असतो.

आता लॉगकडे वळू. सीसीएस-२ मध्ये हुकूम गाडीचा असतो. चार्जिंग चालू असताना गाडी सतत `CurrentDemandReq` हा संदेश पाठवते. त्यात `EVTargetCurrent` म्हणजे गाडीने मागितलेला करंट असतो. चार्जर उत्तरात `EVSEPresentCurrent` म्हणजे प्रत्यक्ष दिलेला करंट सांगतो, आणि स्वतःची मर्यादा गाठली असेल तर `EVSECurrentLimitAchieved` किंवा `EVSEPowerLimitAchieved` खरे करतो. तक्रारीचा निकाल या दोन आकड्यांत लागतो. मागणी ६७ आणि पुरवठा ६७ असेल, तर वेग गाडीने कमी केला आहे आणि चार्जरला हात लावायचे कारण नाही. मागणी १२० आणि पुरवठा ७८ असेल, तर प्रश्न चार्जरच्या बाजूचा आहे.

ते ७८ अँपिअर मी उगाच घेतले नाहीत. साठ किलोवॅटची दोन गनची मशीन घ्या. आपली गाडी सत्तर टक्क्यांवर ४७ किलोवॅटने चार्ज होत आहे आणि शेजारच्या गनला दुसरी गाडी लागते. मशीन शक्ती निम्मी-निम्मी वाटते. ३० किलोवॅटला पॅकच्या ३८५ व्होल्टने भागले की ७८ अँपिअर होतात. आलेखावर ही घसरण कड्यासारखी सरळ दिसते, टक्क्यांशी तिचा संबंध नसतो, आणि शेजारची गाडी निघून गेली की वेग परत वर येतो. पंखा बंद पडून पॉवर मॉड्यूल तापले असेल तर पुरवठा मागणीपासून हळूहळू तुटत जातो. याउलट मे महिन्याच्या दुपारी नागपूरकडे सलग पळून आलेली गाडी पन्नास टक्क्यांवरच स्वतःची मागणी उतरवते. तिथे दोन्ही आकडे जुळलेले असतात, आणि पाहायचे असते ते पॅकचे तापमान आणि शीतक पंपाचे काम.

अडचण अशी की यातला मागणीचा आकडा स्टेशनचालकाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ओसीपीपी १.६ च्या `MeterValues` मध्ये `Current.Import` आहे, `Current.Offered` आहे, `SoC` आहे, पण गाडीने किती मागितले त्यासाठी नाव नाही. `Current.Offered` म्हणजे चार्जर जास्तीत जास्त देऊ शकेल तो करंट. तो पाहून काही जण गाडीची मागणी समजतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. खरी मागणी मशीनच्या आतल्या लॉगमध्ये पडून राहते आणि ती काढायला माणूस लॅपटॉप घेऊन जागेवर जातो.

चार्जर बनवणाऱ्यांकडे आमची मागणी आहे की `EVTargetCurrent` हा आकडा ओसीपीपीच्या `DataTransfer` संदेशातून दर मिनिटाला वर पाठवावा. त्यासाठी नवे हार्डवेअर लागत नाही, हा आकडा मशीनकडे आधीच असतो. त्याचबरोबर पडद्यावर किलोवॅटशेजारी 'गाडीची मागणी' अशी एक ओळ मराठीत दाखवावी. स्टेशनचालकांनीही पुढची मशीन घेताना खरेदीच्या अटींत या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात.

आणि ऐंशीला सक्तीने चार्जिंग तोडणाऱ्या स्टेशनांबद्दल. रांग असताना उतारावरच्या वेळेसाठी मिनिटाप्रमाणे जादा आकार लावणे आम्हाला रास्त वाटते, कारण त्या ३५ मिनिटांची किंमत मागे थांबलेला मोजत असतो. पण सरसकट तोडणे चूक आहे. फॉस्फेटच्या गाड्यांना अधूनमधून शंभरपर्यंत जावेच लागते, कारण सपाट व्होल्टेजवरून त्यांना आपला भार नीट मोजता येत नाही आणि वरचे टोक गाठल्यावरच त्यांचा हिशेब जुळतो. शिवाय ज्याचे पुढचे स्टेशन घाट ओलांडून आहे, त्याला ते वीस टक्के हवे असतात. जादा आकार कुठून सुरू करायचा तेही मागणीच्या आकड्यावरून ठरवता येईल: गाडीची मागणी तिच्या त्याच सत्रातल्या सर्वोच्च मागणीच्या निम्म्यावर आली की तिथून. मग साठला उतरणाऱ्या गाडीला आणि पंच्याऐंशीपर्यंत टिकणाऱ्या गाडीला एकच नियम लावता येईल.