हक्क बजावू नका, विका!



हमीभावाने आपल्याला एक सवय लावली आहे. भाव पडला की गाडी भरायची, केंद्रावर रांगेत उभे राहायचे आणि माल घालायचा. तेव्हा कुठे सरकारने जाहीर केलेला भाव पदरात पडणार. माल घातला नाही तर त्या हमीला दमडीची किंमत नाही. ती शेजाऱ्याला विकता येत नाही, बाजारात मोडता येत नाही. त्यामुळे हक्क म्हटला की तो बजावायचा, एवढेच आपल्याला ठाऊक. हीच नजर घेऊन जो वायदेबाजारातल्या ऑप्शनकडे जाईल तो हमखास लुटला जाईल. आणि गंमत अशी की, लुटणारा कोणी व्यापारी नसेल. त्याची स्वतःची सवयच त्याला लुटेल.

ऑप्शन ही चीज आपल्या मुलखाला परकी नाही. मुंबईच्या कापूसबाजारात 'तेजी-मंदी' या नावाने हेच सौदे चालत. ठरल्या भावाने घेण्याचा हक्क ती तेजी, विकण्याचा हक्क ती मंदी. मुंबई सरकारने १९३९ साली कायदा करून कापसातले हे सौदे बंद पाडले. पुढे १९५२ च्या वायदे कायद्याने साऱ्या देशात शेतमालाच्या ऑप्शनवर बंदी घातली. २०१७ साली सेबीने दार किलकिले केले. मधल्या पासष्ट वर्षांत हा हिशेब करणाऱ्या पिढ्या संपल्या. आता फळ्यावर जे चित्र काढून दाखवतात ते मुदतीच्या शेवटच्या दिवसाचे. खरा पैसा मात्र त्या दिवसाच्या आधी असतो.

हिशेब न्यूयॉर्कच्या कापूस वायद्यावर मांडू, कारण तिथे मुदतीआधी कोणत्याही दिवशी हक्क बजावण्याची मुभा आहे, आणि चूक करण्याचीही. तिथला एक करार ५०,००० पौंड रुईचा, म्हणजे आपल्या १७० किलोच्या सुमारे १३३ गाठींचा. भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. भाव एक सेंट हलला की करारामागे ५०० डॉलर इकडचे तिकडे होतात.

टेक्सासमध्ये लबकच्या माळावर आपल्यासारखीच कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी होते. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याने मे महिन्यात डिसेंबर वायद्यावर ७५ सेंटला विकण्याचा हक्क घेतला. त्याला तिकडे पुट म्हणतात. वायदा तेव्हा ७६ सेंटला होता आणि हक्काची किंमत, म्हणजे प्रीमियम, साडेपाच सेंट. खिशातून गेले २,७५० डॉलर.

ऑगस्टच्या मध्यावर वायदा ७१ वर उतरला. व्यापाऱ्याने जागेवर पक्क्या भावाचा करार देऊ केला, शेतकऱ्याने तो केला. आता पुटची गरज उरली नाही. त्याचे करायचे काय?

सवय सांगते, बजावा. बजावले की त्याच्या नावावर ७५ सेंटने विकलेला वायदा पडतो. बाजार ७१ चा, म्हणून ४ सेंटचा फरक जमा होतो. मिळाले २,००० डॉलर. घातले होते २,७५०. भाव पडला, अंदाज खरा ठरला, तरी ७५० डॉलरचे नुकसान! वर, हाती आलेला वायदा मोडायचा तर पुन्हा दलाली. न मोडता ठेवला आणि भाव ८० वर गेला, तर ९ सेंटची, म्हणजे ४,५०० डॉलरची, भरपाई मागायला दलाल दारात उभा. पुट हातात असताना जाण्यासारखी होती ती फक्त त्याची किंमत. बजावताक्षणी तो बांध फुटला.

आता दुसरी वाट. त्याच दिवशी तेच पुट बाजारात ६.२० सेंटला विकले जात आहे. विकले तर ३,१०० डॉलर. प्रीमियम वजा जाता ३५० डॉलर नफा. हक्क तोच, दिवस तोच, भाव तोच. फरक १,१०० डॉलरचा.

हे २.२० सेंट आले कुठून? घेणारा काही खुळा नाही. मुदत संपायला अजून तीन महिने आहेत. तेवढ्यात वायदा ६० वर गेला तर त्याच पुटचे १५ सेंट होतील. ८५ वर गेला तर घेणाऱ्याचे जास्तीत जास्त दिलेले ६.२० जातील, त्याहून पै जास्त नाही. या एकतर्फी संधीची तो किंमत मोजतो. तिला वेळेची किंमत म्हणतात. बजावणारा माणूस आजचे ४ सेंट उचलतो आणि उरलेला वेळ फुकट टाकून जातो. गाभण म्हैस भाकडाच्या भावात देण्याचाच हा प्रकार.

ही वेळेची किंमत बर्फासारखी वितळते, आणि तीही सारखी नाही. ठरलेला भाव आणि बाजारभाव जवळजवळ असले, तर चार महिने उरले असताना जी वेळेची किंमत असते तिची निम्मी एक महिना उरेपर्यंत टिकते. बाकीची निम्मी त्या शेवटच्या महिन्यात जाते. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज उरली नाही त्याने शेवटच्या दिवसाची वाट पाहणे हाही तोटाच. डिसेंबरचे पुट नोव्हेंबरात संपते. त्या दिवशी ते फायद्यात असेल तर आपोआप बजावले जाते आणि न मागितलेला वायदा गळ्यात पडतो. म्हणून आधीच मोडावे.

मग बजावायचे कधीच नाही का? तसे नाही. पुट ९५ चे आणि वायदा ६० वर, इतके अंतर पडले की वेळेची किंमत जवळपास शून्य होते. गिऱ्हाईक विरळ असते आणि ३५ सेंटच्या फरकाला साडेचौतीसच बोलते. अशा वेळी बजावून वायदा लगेच मोडणे परवडते, शिवाय पैसे लवकर हाती येऊन व्याज वाचते. म्हणून दरवेळी एकच वजाबाकी करा: घेणारा आज काय देतो, त्यातून दोन भावांमधला फरक वजा करा. दलालीचा हिशेब धरूनही काही उरले तर विका. न उरले तरच बजावण्याचा विचार. विकताना 'मिळेल त्या भावाने' म्हणू नका. भाव बांधून ऑर्डर द्या, नाहीतर पातळ बाजारात वेळेची किंमत गिऱ्हाईकच खाऊन टाकील.

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी ऑप्शन युरोपी पद्धतीचे ठेवले, म्हणजे बजावणी फक्त मुदतीच्या दिवशी. त्यामुळे आधी बजावण्याची चूक इथे करताच येत नाही. पण दुसरी चूक उघडी आहे: बजावता येत नाही म्हणून काहीच करता येत नाही, असे समजून पावती पेटीत ठेवून देण्याची. मुदतीआधी विकण्याला कोणताही नियम आड येत नाही. आड येईल ते गिऱ्हाईक नसणे. म्हणून ज्या सौद्यात मोडायला गिऱ्हाईक नाही तो घेण्याआधीच दहादा विचार करा.

हमीभाव सरकारच्या मर्जीवर असतो आणि माल घातल्याशिवाय मिळत नाही. ऑप्शन रोख मोजून घेतलेला असतो. तो तुमचा माल आहे, आणि मालाचा भाव बाजारात विचारायचा असतो. रांगेत उभे राहून पदरात पडेल ते घ्यायचे, ही सवय आता सोडा.